सहाव्या मंत्राच्या आधी आणि नंतर

मुद्रांक कागदाच्या माथ्यावर, पासपोर्टच्या मुखपृष्ठावर, सरकारी पत्राच्या डोक्यावर 'सत्यमेव जयते' हे दोन शब्द आपण इतक्यांदा पाहतो की ते वाचायचे असतात हेच विसरून जातो. कुठून आले असे कुणाला विचारले, तर पटकन उत्तर येते: उपनिषदातून. कोणत्या, असे विचारले की निम्मे लोक गप्प होतात. आणि त्या वाक्यापुढे काय आहे, असा तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. हे छोटे पुस्तक त्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिले आहे. मुंडकोपनिषदाच्या तिसऱ्या मुंडकातला पहिला खंड, त्यातही मुख्यतः पाचवा ते आठवा असे चार मंत्र, एवढाच त्याचा आवाका आहे. बोधवाक्य यांतल्या सहाव्या मंत्राचे पहिले दोन शब्द आहे. मंत्र चार चरणांचा. त्यातला पहिला चरणसुद्धा आपण पुरता घेतलेला नाही.

आधी राजमुद्रेविषयी थोडे, कारण बहुतेकांचा एक समज असतो की सिंह आणि वाक्य एकाच जागचे. तसे नाही. सारनाथचा सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात ओअर्टेल यांना सापडला. त्यावर हे शब्द नाहीत. त्या स्तंभावर अशोकाचा जो लेख आहे तो ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला आणि अगदी व्यवहारी आहे: जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील त्याला पांढरे कपडे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे. वाक्य आले अथर्ववेदाच्या एका उपनिषदातून. काँग्रेसच्या राजकारणात ते रुजवण्याचे श्रेय मदनमोहन मालवीयांना दिले जाते. २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा स्वीकारली गेली तेव्हा बौद्ध शिल्प आणि वैदिक वचन एका चौकटीत आले. जोडी चांगली जमली, यात शंका नाही. पण ती जोडी आपल्या काळाने जमवलेली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता त्या उपनिषदाकडे वळू. शौनक नावाचा मोठा गृहस्थ अंगिरसाकडे जातो आणि विचारतो की काय एक जाणले म्हणजे हे सगळे जाणल्यासारखे होते? अंगिरस विद्यांचे दोन ढीग करतो, परा आणि अपरा. चारही वेद आणि सहाही वेदांगे तो बिनदिक्कत अपरेच्या ढिगात टाकतो. पुढे यज्ञकर्मांना तो कच्च्या होड्या म्हणतो. त्यांत बसून पैलतीर गाठू पाहणाऱ्यांना मूढ म्हणतो. वेदाचाच भाग असलेला ग्रंथ वेदाविषयी इतके स्पष्ट बोलतो, ही गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्याला चकित करते. मुंडक हे नाव मुंडन केलेल्यांशी जोडले जाते, आणि ग्रंथाच्या शेवटी अट आहे की ज्याने शिरोव्रत केले नाही त्याला हे शिकवू नये. शंकराचार्य शिरोव्रताचा अर्थ डोक्यावर अग्नी धारण करण्याचे आथर्वणांचे व्रत असा सांगतात. आपल्या बोधवाक्याची पहिली मंडळी अशी होती. न्यायालय किंवा सचिवालय त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

तिसरे मुंडक दोन पक्ष्यांच्या प्रसिद्ध प्रतिमेने सुरू होते. एकाच झाडावर दोघे बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. खाणारा दीन होतो, पाहणाऱ्याकडे त्याची नजर जाते आणि त्याचे दुःख सरते. मग प्रश्न उरतो की ही नजर जाते कशी? पाचवा मंत्र त्याचे उत्तर आहे. त्यात चार साधने सांगितली आहेत: सत्य, तप, सम्यक ज्ञान आणि ब्रह्मचर्य. यांनी तो आत्मा लाभतो; तो शरीराच्या आतच आहे, तेजोमय आहे, आणि दोष झिजून गेलेल्या यतींना दिसतो. चारही साधनांच्या शेवटी 'नित्यम्' हा एक शब्द आला आहे. शंकराचार्य म्हणतात की तो फक्त ब्रह्मचर्यापुरता घेऊ नका. घराच्या मध्यभागी ठेवलेला दिवा जसा सगळीकडे उजेड टाकतो, तसा तो चारही साधनांना लावा. म्हणजे सत्य नित्य, तप नित्य, ज्ञान नित्य, ब्रह्मचर्य नित्य. सोयीच्या दिवशी खरे बोलणे या यादीत बसत नाही.

याच मंत्राआधी आचार्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. ही साधने भिक्षूसाठी आहेत, निवृत्तीच्या वाटेने जाणाऱ्यासाठी आहेत, असे ते म्हणतात. म्हणजे ज्या वचनाला आपण राज्यव्यवहाराचे ब्रीद केले, ते मुळात राज्यव्यवहार सोडून निघालेल्या माणसाला उद्देशून होते. यात कुणी फसवले असे मला म्हणायचे नाही. वचने घर बदलतात. पण नव्या घरात आल्यावर त्यांच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या जातात, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की वचनच खोटे ठरवले जाते.

आता सहावा मंत्र. त्याचा आशय सरळ मराठीत असा: सत्याचाच जय होतो, असत्याचा नाही, देवयान नावाची वाट सत्यानेच पसरलेली आहे, ज्यांच्या कामना पुऱ्या होऊन संपल्या असे ऋषी तिच्यावरून चालत जातात, आणि जिथे जातात तिथे सत्याचे ते परम निधान आहे. चार चरणांत 'सत्य' हा शब्द तीनदा येतो. पहिल्यांदा ते जिंकते, दुसऱ्यांदा ते वाट होते, तिसऱ्यांदा ते मुक्काम होते. पुढचे तीन चरण कापून टाकले की उरते फक्त जिंकणे. मग वाचणारा साहजिकच विचारतो: कधी जिंकते? कुणाविरुद्ध? किती वर्षांनी? तहसील कार्यालयात सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त व्हावे म्हणून खेटे घालणाऱ्या माणसाने हे प्रश्न विचारले तर त्याचे काय चुकले?

मंत्र मात्र या प्रश्नांच्या वाटेला जात नाही. जय कशाचा, हे त्याने स्वतःच पुढच्या तीन चरणांत सांगून टाकले आहे. तो जय म्हणजे वाट मोकळी असणे आणि त्या वाटेने मुक्कामाला पोहोचणे. समोरचा पक्ष हरला की नाही, याची इथे नोंद नाही. पहिल्या चरणात असत्याचे नाव येते खरे, पण त्यानंतर ते पुन्हा दिसत नाही. ते वाटेवर नाही आणि मुक्कामावरही नाही.

शंकराचार्यांचे भाष्य इथे फार मोलाचे आहे. ते पहिल्याच वाक्यात सत्य या शब्दाचा अर्थ 'सत्यवान', म्हणजे सत्याने वागणारा माणूस असा करतात; असत्य म्हणजे असत्य बोलणारा. आणि कारण देतात: माणसाच्या आधाराशिवाय नुसते सत्य आणि नुसते असत्य यांना जय नाही आणि पराजयही नाही. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. भिंतीवर लिहिलेले सत्य आपोआप जिंकत नाही, असे बाराशे वर्षांपूर्वीचा भाष्यकार सांगतो आहे. ते जिंकायचे तर कुणीतरी ते अंगावर घ्यावे लागते. पुढे आचार्य म्हणतात की सत्यवाद्याकडून असत्यवादी हरतो, उलटे होत नाही, हे लोकांत प्रसिद्धच आहे. म्हणून सत्य हे बळकट साधन ठरते. लोकांत प्रसिद्ध आहे, हे आचार्यांचे विधान मला मान्य करता येत नाही. लोकांत याच्या उलटही पुष्कळ प्रसिद्ध आहे. पण युक्तिवादाचा शेवट पाहा. तो 'साधन' या शब्दावर येऊन थांबतो. सत्य हे बलवान साधन आहे, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. आधीच्या मंत्रातल्या चार साधनांपैकी एकाची ही स्तुती आहे. निकालाची हमी ती नाही.

व्याकरणाचा एक धागा इथे सोडून चालणार नाही, कारण अर्थाचे मोठे वळण त्याच्यावर टांगलेले आहे. 'जि' हा धातू पाणिनीच्या मते एरवी परस्मैपदी चालतो: जयति. 'वि' किंवा 'परा' उपसर्ग लागला तरच तो आत्मनेपदी होतो: विजयते, पराजयते. मंत्रात उपसर्ग नाही, तरी 'जयते' आहे. वैदिक भाषेत अशी सूट असते, आणि आचार्यांनी 'जयते म्हणजे जयति' असे सांगून विषय संपवला. पण दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. 'सत्यम्' नपुंसकलिंगी असल्यामुळे प्रथमा आणि द्वितीया यांत त्याचे रूप एकच. ते कर्ता मानले तर अर्थ होतो, सत्य जिंकते. कर्म मानले तर अर्थ होतो, तो सत्यालाच जिंकून घेतो, असत्याला नाही. मग 'तो' कोण? आधीच्या मंत्रातला, दोष झिजलेला साधक. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरात हाच दुसरा अर्थ घेतला आहे. परंपरेचा अर्थ पहिला आहे आणि या पुस्तकात मी तोच ठेवला आहे. पण दुसरा अर्थ मंत्राच्या उरलेल्या भागाशी अधिक सहज जुळतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सत्य कमावायचे, त्याच्या वाटेने जायचे आणि त्याच्या ठेव्यापाशी पोहोचायचे, असा तो सलग प्रवास होतो. शंकराचार्यांनी सत्याच्या जागी सत्यवान बसवला, तेव्हा व्याकरण परंपरेचे ठेवून तेही या दुसऱ्या अर्थाच्या बरेच जवळ आले होते.

याचा नमुना पाहायचा तर अथर्ववेदाच्याच दुसऱ्या उपनिषदात, प्रश्नोपनिषदात, एक छोटा प्रसंग आहे. पिप्पलादाकडे सहा जण समिधा घेऊन शिकायला गेले. त्याने त्यांना वर्षभर राहायला सांगितले, आणि मग विचारा म्हणाला. सगळ्यांत शेवटी सुकेशा भारद्वाज पुढे झाला. त्याने आपलीच हकीकत सांगितली. कोसल देशाचा राजपुत्र हिरण्यनाभ एकदा त्याच्याकडे आला होता आणि त्याने विचारले होते की सोळा कलांचा पुरुष तुला माहीत आहे का? सुकेशा म्हणाला, नाही. माहीत असता तर सांगितला नसता का? जो खोटे बोलतो तो मुळापासून सुकून जातो, म्हणून मी खोटे बोलू शकत नाही. राजपुत्र काही न बोलता रथात बसला आणि निघून गेला.

इथे कोण जिंकले? लौकिक अर्थाने सुकेशाची फजितीच झाली. दारी आलेला राजपुत्र रिकाम्या हाताने गेला, तोही एक शब्द न बोलता. दोन-चार मोठे शब्द फेकून वेळ मारून नेणे अवघड नव्हते; विद्वानांना ते कधीच अवघड नसते. पण माहीत नाही हे कबूल केल्यामुळे प्रश्न त्याच्याजवळ शाबूत राहिला. तो घेऊन तो पिप्पलादाकडे गेला, वर्षभर राहिला, आणि उत्तर मिळाले: तो पुरुष इथेच, या शरीराच्या आत आहे. मुंडकाच्या पाचव्या मंत्रातही आत्मा शरीराच्या आतच सांगितला आहे, आणि सातव्या मंत्रात 'इथेच' हा शब्द पुन्हा येतो. सुकेशाने राजपुत्राला जिंकले नाही. खोटे बोलला असता तर गमावले असते ते त्याने मिळवले. सहाव्या मंत्रातला जय म्हणजे काय, हे मला कोणत्याही टीकेपेक्षा या प्रसंगातून जास्त कळले.

हाच प्रश्नोपनिषदाचा ग्रंथ आणखी एका जागी उपयोगी पडतो. तिथे म्हटले आहे की ब्रह्मलोक त्यांचा, ज्यांच्यात कुटिलपणा, असत्य आणि कपट नाही. शंकराचार्य मुंडकाच्या पाचव्या मंत्रावर लिहिताना याच वचनाचा आधार घेतात, आणि सहाव्यातल्या ऋषींचे वर्णन करताना ती यादी वाढवतात: फसवेगिरी, लबाडी, अहंकार, दंभ यांतले काहीच ज्यांच्यात नाही असे ते ऋषी. दंभ या यादीत आहे, हे ध्यानात घ्यावे. शब्दाने खरे बोलणारा पण खरेपणा मिरवणारा माणूस या वाटेवर चालत नाही.

'देवयान' हा शब्दही मोकळा नाही. त्याच्यामागे छांदोग्य आणि बृहदारण्यक यांतला मोठा नकाशा आहे. मृत्यूनंतर दोन वाटा फुटतात. एक धुराची, रात्रीची, कृष्णपक्षाची. ती पितरांकडे जाते आणि तिच्यावरून परत यावे लागते. दुसरी ज्वाळेची, दिवसाची, शुक्लपक्षाची, उत्तरायणाची; ती देवयान, आणि ती ब्रह्मलोकापर्यंत नेते. मुंडकानेही पहिल्या मुंडकात सूर्याच्या दारातून जाणाऱ्या तपस्व्यांचा उल्लेख केला आहे. यज्ञ आणि दान करणाऱ्यांची वाट मात्र परतीची. अशा नकाशावर सहावा मंत्र सांगतो की देवयान सत्याने पसरले आहे. तुपाच्या धारेने ते तयार होत नाही. कर्मकांडाला होड्या म्हणणाऱ्या ग्रंथाला हे शोभते.

इथेच थांबलो असतो तर चित्र पूर्ण वाटले असते: वाट आहे, चालणारे आहेत, मुक्काम आहे. पण सातवा मंत्र येतो आणि वाटच काढून घेतो. ते मोठे आहे, दिव्य आहे, कल्पनेत न मावणारे आहे. सूक्ष्माहून सूक्ष्म आहे. दूरच्याही पलीकडे आहे आणि इथेच जवळ आहे. पाहणाऱ्यांच्या हृदयाच्या गुहेत ते ठेवलेले आहे. सहाव्यात निधान प्रवासाच्या शेवटी होते. सातव्यात ते घरातून न हलता सापडते. दोन मंत्र एकमेकांशेजारी बसवणाऱ्याला ही ओढाताण दिसली नसेल, असे मानायला मी तयार नाही. शंकराचार्यांना तर ती नक्कीच दिसली होती. पुढे दुसऱ्या खंडावर लिहिताना ते सांगतात की ज्ञान्याला कुठे जायचे नसते. आकाशातून उडणाऱ्या पक्ष्याची पावले जशी उमटत नाहीत, तशी त्याचीही वाट दिसत नाही. देवयान मग साधकाच्या सोयीचे बोलणे ठरते. हा त्यांचा पक्ष. द्वैती आणि विशिष्टाद्वैती भाष्यकार वाटेला इतके स्वस्तात जाऊ देत नाहीत, आणि मूळ मंत्राच्या शब्दांत त्यांनाही आधार आहे.

आठवा मंत्र आणखी पुढे जातो. डोळ्यांनी ते धरता येत नाही, वाणीने नाही, इतर इंद्रियांनी नाही, तपाने नाही, कर्माने नाही. ज्ञान स्वच्छ झाले, मन निवळले, की ध्यान करणाऱ्याला ते अखंड रूपात दिसते. आता पाचव्या मंत्राकडे वळून पाहा. तिथे तपाने लाभते म्हटले होते; इथे तपाने नाही म्हणतात. ही विसंगती आहे का? आचार्यांनी पाचव्यातच तोड काढून ठेवली होती. तिथे तप म्हणजे मन आणि इंद्रिये यांची एकाग्रता. चांद्रायणासारखे उपास ते तप नव्हे. आठव्यात नाकारलेले तप हे उपासांचे. तोड पटण्यासारखी आहे, जरी ती थोडी वकिली वाटली तरी.

मला अधिक अस्वस्थ करते ती 'वाणीने नाही' ही नोंद. सत्य म्हणजे सर्वसाधारणपणे खरे बोलणे. सहाव्या मंत्रात त्याच्या जोरावर वाट पसरली होती. दोनच मंत्रांनंतर ग्रंथ सांगतो की ज्याच्यासाठी खरे बोललात, ते बोलून हाती येत नाही. खरे बोलण्याचे काम मन निवळवण्याचे. खोटे बोलणाऱ्याला आपली एक हकीकत जगापुढे सांभाळायची असते आणि एक स्वतःपाशी. त्याचे मन निवळणार कसे? हे स्पष्टीकरण माझे आहे, भाष्यातले नाही, म्हणून ते तेवढ्याच भाराने घ्यावे.

पाठाविषयी दोन शब्द. पुण्याच्या आनंदाश्रमाने शांकरभाष्य आणि आनंदगिरींची टीका यांसह छापलेली मुंडकाची आवृत्ती मराठी अभ्यासकांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या आहे. मीही तीच वापरली. विवेचनात शंकराचार्यांकडे झुकते माप गेले आहे, कारण या चार मंत्रांवर त्यांनी दिलेली कारणे तपासता येतील इतकी उघड आहेत. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी मध्वाचार्यांचे भाष्य शेजारी ठेवावे. वाद ऐकायला मजा येते.

एक विनंती आहे. सहावा मंत्र ओळखीचा म्हणून पुस्तक उघडून थेट त्याच पानावर जाण्याचा मोह होईल. तसे करू नका. पाचव्यापासून सुरुवात करा, चारही मंत्र एका बैठकीत वाचा, आणि आठवा संपल्याशिवाय पुस्तक मिटू नका.